फरक दोनशेचा, बिल चार हजार युनिटचं

अहिल्यानगरच्या नागापूर एमआयडीसीत लेथ-मिलिंगचा एक छोटा कारखाना आहे असं धरू. मंजूर भार 45 किलोवॅट. मीटरवर मागील रीडिंग 18,462.4 आणि चालू रीडिंग 18,671.9. फरक 209.5. बिलात मात्र 4,190 युनिट!

मधली किल्ली बिलावरच छापलेली असते: गुणक अवयव. मोठा प्रवाह थेट मीटरमधून जात नाही. सीटी तो कमी करून मीटरला देतो. सीटी 100/5 चा असेल आणि मीटर 5 अँपिअरवरच मोजत असेल, तर गुणक 20. म्हणून 209.5 गुणिले 20. भार वाढवताना सीटी 200/5 चा बसला आणि बिलात गुणक 20 च राहिला, तर बिल निम्मं येतं. मालक खूश होतो. फरकाची थकबाकी मागाहून येतेच.

आता स्लॅब. घरच्या बिलात 100, 300, 500 युनिटांचे टप्पे असतात आणि वापर वाढेल तसा पुढच्या युनिटांचा दर चढतो. महावितरणच्या लघुदाब औद्योगिक बिलात असे युनिटांचे टप्पे नाहीत. टप्पा पडतो तो भारावर: 20 किलोवॅटपर्यंत एक गट, त्यावर दुसरा. खालच्या गटाला जोडणीमागे ठरलेला स्थिर आकार असतो. वरच्या गटाला केव्हीएवर मागणी आकार. शिवाय 1 एप्रिल 2020 पासून वरच्या गटाची युनिटं केव्हीएएचमध्ये मोजली जातात. आपली 4,190 युनिटं त्याच मापातली.

दर वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार बदलतात, म्हणून इथले दर निव्वळ हिशेबापुरते. वीज आणि वहन आकार मिळून 8 रुपये धरले, तर 33,520 रुपये. कमाल मागणी 32 केव्हीए, दर 400 रुपये, म्हणजे 12,800. बेरीज 46,320. त्यावर साडेसात टक्के वीज शुल्क, 3,474. एकूण 49,794. इंधन समायोजन आणि वेळेनुसारची सवलत-अधिभार यात धरलेले नाहीत.

त्याच मीटरवर केडब्ल्यूएचचं रीडिंगही असतं. तिथला फरक 188.55, म्हणजे 3,771 युनिट. 3,771 भागिले 4,190 केलं की पॉवर फॅक्टर 0.9 निघतो. मधली 419 युनिटं, म्हणजे 3,352 रुपये, मशीनचं काम न होता गेले. कपॅसिटर बँकेतला एखादा कपॅसिटर निकामी झाला की हा भागाकार आधी घसरतो, म्हणून दोन्ही रीडिंग दर महिन्याला वहीत शेजारीशेजारी लिहावीत.

उलट, उत्पादन तेवढंच असताना युनिटं साधारण एक-तृतीयांशाने उतरली, तर आनंद मानू नये. एका फेजची सीटी-वायर सुटलेली असू शकते. मशीन चालू असताना मीटरच्या डिस्प्लेवर तिन्ही फेजचे अँपिअर पाहावेत. एक शून्य दिसला, तर सीलला हात न लावता त्याच दिवशी उपविभागात लेखी कळवावं.