रुंदी वजाबाकीत असते

रेकॉर्डिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘विड्थ’ नावाचं एक बटण असतं. ते एका बाजूला फिरवलं की दोन स्पीकरांमधलं गाणं ऐसपैस पसरतं, दुसऱ्या बाजूला फिरवलं की आकसून मधोमध येतं. या बटणामागे प्रतिध्वनी किंवा तसलंच काही मिसळलं जात असेल, असं पुष्कळांना वाटतं. या बटणाच्या सर्वांत साध्या आणि माझ्या मते सर्वांत चांगल्या प्रकारात बाहेरचं काहीच मिसळलं जात नाही. तिथं चालते ती निव्वळ बेरीज आणि वजाबाकी. ती कशी चालते ते पाहायचं तर मिड-साइड पद्धतीचं रेकॉर्डिंग समजून घ्यावं, कारण त्यात हे गणित मायक्रोफोनपासूनच सुरू होतं.

एक बैठक डोळ्यांसमोर आणा. मध्ये गायक, आपल्या डाव्या हाताला तबला, उजव्या हाताला हार्मोनियम. समोर दीड-दोन मीटरवर एकच स्टँड आणि त्यावर एकावर एक, जवळजवळ चिकटून लावलेले दोन मायक्रोफोन. पहिला कार्डिऑइड, म्हणजे समोरचं भरपूर आणि मागचं अगदी कमी ऐकणारा. त्याचं तोंड गायकाकडे. हा मिड. दुसरा फिगर-एट. त्याचं तोंड गायकाकडे नसून डाव्या भिंतीकडे. हा साइड.

सगळी गंमत या दुसऱ्यात आहे. त्याचा पातळ पडदा दोन्ही अंगांनी उघडा असतो. डावीकडून आलेला आवाज पडद्याला उजवीकडे ढकलतो आणि तारेत धन विद्युतदाब येतो. उजवीकडून आलेला आवाज त्याला डावीकडे ढकलतो आणि तोच दाब ऋण होतो. नेमका समोरून आलेला आवाज पडद्याच्या दोन्ही बाजूंवर सारखाच पडतो, त्यामुळे पडदा हलतच नाही. म्हणजे समोर बसलेल्या गायकाचा थेट आवाज साइडला ऐकूच येत नाही. त्याला तबला ऐकू येतो, हार्मोनियम ऐकू येते आणि दिवाणखान्याच्या भिंतींवरून परतलेली आस ऐकू येते. शिवाय यातलं काय डावीकडचं आणि काय उजवीकडचं, हे तो धन-ऋण चिन्हातून सांगतो.

हे दोन ट्रॅक जसेच्या तसे दोन कानांना दिले तर मात्र विचित्र ऐकू येतं: एका कानात पूर्ण मैफल, दुसऱ्यात गायक नसलेली पोकळ खोली. असं ऐकू आलं की समजावं, फाइल डीकोड व्हायची राहिली आहे. डीकोडिंगचं सूत्र दोन ओळींचं आहे:

डावा = मिड + साइड
उजवा = मिड − साइड

आता आकडे घालून पाहू. समोरच्या आवाजाला मिडमध्ये १० गुण द्या. साइडमध्ये त्याला ० मिळतात. डावीकडे १०, उजवीकडे १०, म्हणून गायक बरोबर मध्ये. तबला मधल्या रेषेपासून ३७ अंश डावीकडे आहे असं धरू. या कोनातून कार्डिऑइडला तो ९ इतका आणि फिगर-एटला ६ इतका मिळतो. डावा स्पीकर ९ + ६ म्हणजे १५, उजवा ९ − ६ म्हणजे ३. डावीकडचा संकेत पाचपट, त्यामुळे तबला जवळजवळ डाव्या स्पीकरमध्येच जाऊन बसतो. तितक्याच कोनात उजवीकडे असलेल्या हार्मोनियमचं साइडमधलं मूल्य उणे ६, म्हणून तिथं हिशोब उलटतो: डावीकडे ३, उजवीकडे १५.

आता फक्त साइडचा फेडर निम्मा करा. मिडला हात लावायचा नाही. तबल्याचे ६ होते ते ३ झाले. डावीकडे १२, उजवीकडे ६. पाचपटीचं दुप्पट झालं आणि तबला स्पीकरमधून निघून गायकाच्या बराच जवळ सरकला. फेडर शून्यावर नेला तर दोन्हीकडे ९ आणि ९, सगळी मैफल एका बिंदूत, म्हणजेच मोनो. या सगळ्यात गायक जागचा हलला नाही, कारण साइडमध्ये त्याचा वाटाच नव्हता. रुंदीचं बटण ते हेच. डाव्या-उजव्यातला फरक साइडमध्ये साठवलेला आहे. तो जितका मिसळाल तितकं अंतर.

मला या पद्धतीचं मोल वाटतं ते दुसऱ्याच एका गोष्टीमुळे. वरच्या तिन्ही वेळी तबल्याच्या डाव्या-उजव्याची बेरीज करून पाहा. १५ आणि ३ म्हणजे १८. १२ आणि ६ म्हणजे १८. ९ आणि ९ म्हणजे १८. बेरीज केली की साइड एकदा अधिक आणि एकदा उणा येऊन पुसला जातो आणि उरतो दुप्पट मिड. कोणी हे रेकॉर्डिंग मोबाइलच्या एकुलत्या स्पीकरवर ऐकलं, तरी त्याला समोर ठेवलेल्या मायक्रोफोनचा स्वच्छ आवाजच मिळणार, मग रेकॉर्डिस्टने रुंदी कितीही ठेवलेली असो. दोन मायक्रोफोन एकमेकांपासून दूर ठेवून केलेल्या स्टिरिओत ही खात्री नसते. तिथं एकच आवाज दोघांकडे वेगवेगळ्या क्षणी पोहोचतो आणि बेरजेत काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. मिड आणि साइड एकमेकांना चिकटून लावायचे ते म्हणूनच. त्यांच्यात चार-सहा इंचांचं अंतर पडू दिलं, तर झांजेसारख्या तीव्र आवाजांचं गणित बिघडतं.

बटण दुसऱ्या बाजूला फिरवलं तर काय होतं? साइड दुप्पट केला की तबल्याचे ६ चे १२ होतात. डावीकडे २१, उजवीकडे उणे ३. बेरीज अजूनही १८ आहे, पण उजव्या स्पीकरमध्ये तबला उलट्या फेजने वाजू लागला आहे, म्हणजे डावा पडदा पुढे येतो तेव्हा उजवा मागे जातो. थोडं असेल तर कानाला ते मोकळं वाटतं, वाद्य स्पीकरच्याही पलीकडे गेल्याचा भास होतो. जास्त झालं की वाद्याची जागाच हरवते, कानांवर ओढल्यासारखा ताण येतो आणि गायक मागे पडल्यासारखा वाटतो, कारण साइडसोबत खोलीची आसही वर आली आहे. कार्डिऑइड मिडबरोबर साइड सारख्याच पातळीवर मिसळला, तर ही उलट्या फेजची हद्द मधल्या रेषेपासून सुमारे ५३ अंशांवर लागते. साइड दुप्पट केला की ती २८ अंशांवर येते, निम्मा केला की ९० अंशांपर्यंत मागे हटते. त्यामुळे वादक किती कोनात पसरून बसले आहेत हे पाहूनच साइड ठरवावा. स्टुडिओत यासाठी कोरिलेशन मीटर असतो. त्याचा काटा अधूनमधून शून्याखाली गेला तर चालतं, तिथंच मुक्काम ठोकू लागला तर साइड खाली आणावा.

डीकोडर नसला तरी काम अडत नाही. मिडचा ट्रॅक मध्ये ठेवायचा. साइडच्या दोन प्रती करायच्या, एक पूर्ण डावीकडे पॅन करायची, दुसरी पूर्ण उजवीकडे आणि उजवीची फेज उलटी. नीट झालं का हे तपासायची पद्धत सोपी आहे: मिड बंद करा आणि आउटपुट मोनो करा. संपूर्ण शांतता झाली तर दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या आहेत. काही कुजबुज उरली तर एकीचा फेडर वरखाली झालेला आहे.

गणित दोन्ही दिशांनी चालत असल्यामुळे मिड-साइडने रेकॉर्ड न झालेल्या गाण्यावरही ते वापरता येतं. डाव्या-उजव्याची बेरीज निम्मी केली की मिड, वजाबाकी निम्मी केली की साइड. साइड कमी-जास्त करून पुन्हा डावा-उजवा बनवा. विड्थचं बटण तयार गाण्यावर हेच करतं. पण असल्या गाण्यातल्या साइडमध्ये काय सापडेल ते मिक्सिंग करणाऱ्याने काय कुठे ठेवलं त्यावर अवलंबून. दोन्हीकडे सारखा ठेवलेला आवाज वजाबाकीत शून्य होतो. म्हणून रुंदी वाढवून गायक रुंद होत नाही, त्याच्याभोवतीचं सगळं मात्र वाढतं.

ही कल्पना ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लमलाइन यांच्या १९३१ साली दाखल झालेल्या पेटंटात आहे. पुढे डॅनिश रेडिओच्या होल्गर लॉरिडसेन यांनी मिड-साइडची मायक्रोफोन जोडी पुढे आणली. १९६१ मध्ये अमेरिकेत स्टिरिओ एफएमचं मानक ठरलं तेव्हाही हीच बेरीज-वजाबाकी कामी आली. जुने मोनो रेडिओ निकामी होऊ नयेत म्हणून मुख्य जागी बेरीज पाठवतात आणि वजाबाकी ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहक लहरीवर बसवतात. एफएममध्ये वरच्या कंप्रतेला खरखर अधिक असते, त्यामुळे केंद्र दुबळं झालं की आधी वजाबाकी गढूळ होते. घाटातून जाताना गाडीतला रेडिओ म्हणूनच तिला हळूहळू कमी करत नेतो. गाणं आकसून मध्ये येतं, पण खरखरीशिवाय ऐकू येत राहतं.

जुन्या ७८च्या तबकड्यांनाही हे गणित उपयोगी पडतं. नाट्यसंगीताच्या त्या तबकड्यांच्या खाचेत गाणं सुईच्या आडव्या हालचालीत कोरलेलं आहे. आजच्या स्टिरिओ पिकअपने त्या वाजवल्या तर आडवी हालचाल डाव्या-उजव्याच्या बेरजेत येते आणि उभी हालचाल वजाबाकीत. उभ्या हालचालीत गाणं नसतंच, असते ती खाचेच्या तळाची झीज, धूळ आणि घरघर. अशा फाइलची रुंदी वाढवणं म्हणजे फक्त खरखर पसरवणं. घरातल्या तबकड्या डिजिटल करत असाल तर एकदा साइड एकटा ऐका, त्यात गाणं नाही याची खात्री करा आणि मग त्याला शून्यावर आणा.