सबवूफरची केबल आणि वाय-स्प्लिटर

होम थिएटरच्या रिसीव्हरमागे ‘सब आउट’ नावाचे बहुधा एकच आरसीए सॉकेट असते. त्यातून क्षीण सिग्नल निघतो आणि सबवूफरमधला ॲम्प्लिफायर तो वाढवतो. सबवूफर केबल म्हणून विकली जाते ती दोन्ही टोकांना आरसीए पिन असलेली एकेरी कोॲक्सियल केबल. साध्या लाल-पांढऱ्या लीडमधली एक वायरही हेच काम करते. जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी व्हिडिओ लीड तर त्याहून बरी, कारण ती मुळातच कोॲक्सियल असते.

साध्या लीडने बास कमी होतो, हा समज चुकीचा आहे. सबवूफरकडे जाणारा सिग्नल साधारण १२० हर्ट्‌झपर्यंतचा असतो आणि घरातल्या लांबीची कोणतीही धड केबल तो जसाच्या तसा पोचवते. फरक पडतो तो शील्डमुळे. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्‌झची. म्हणजे तिची घरघर नेमकी सबवूफरच्या पट्ट्यात येते आणि मोठी होऊन ऐकू येते. स्वस्त लीडमध्ये शील्डच्या तारा विरळ असतात, तर चांगल्या सबवूफर केबलमध्ये दाट जाळी असते. दीड-दोन मीटरसाठी साधी लीड पुरते. विजेच्या वायरींजवळून आठ मीटर जायचे असेल, तर दाट शील्डची केबल घ्यावी.

घरघर आलीच, तर आधी केबल हलवून विजेच्या वायरीपासून दूर न्यावी. आवाज बदलला, तर दोष शील्डचा. बदलला नाही, तर सेट-टॉप बॉक्सची डिश किंवा केबल टीव्हीची वायर काढून पाहावी. तेवढ्याने घरघर थांबली, तर तो अर्थ लूप असतो आणि महागडी केबलही तो घालवू शकत नाही. अशा वेळी केबल टीव्हीच्या वायरीवर आयसोलेटर बसवतात. प्लगची अर्थ पिन काढणे मात्र धोक्याचे आहे.

आता वाय-स्प्लिटर. सबवूफरवर ‘एलएफई’ इनपुट असेल, तर एकच केबल तिथे लावावी. स्प्लिटरची गरज नाही. फक्त डावे-उजवे इनपुट असतील, तर सबवूफरकडच्या टोकाला स्प्लिटर लावून दोन्हींना सिग्नल देता येतो. आत दोन्हींची बेरीज होत असल्याने पातळी ६ डेसिबलपर्यंत वाढते. आवाज कमी असताना ऑटो-ऑन सबवूफर जागा होत नसेल, तर ही वाढ उपयोगी पडते. एरवी एका इनपुटवरही काम भागते. स्प्लिटर लावल्यावर सबवूफरची पातळी पुन्हा जुळवून घ्यावी.

दोन सबवूफर असतील, तर स्प्लिटर रिसीव्हरकडे लावतात. प्रत्येकाचा इनपुट इम्पिडन्स १० ते २० किलोओहम असतो. दोन जोडले तरी भार हलकाच राहतो. मर्यादा एवढीच की रिसीव्हर दोघांना एकच पातळी आणि एकच विलंब देतो. म्हणून दोन्ही सबवूफर बसण्याच्या जागेपासून सारख्या अंतरावर ठेवावेत.

स्प्लिटर एका आउटपुटचे दोन करण्यासाठीच वापरावा. डावे आणि उजवे अशी दोन आउटपुट त्याने एकत्र केली, तर ती एकमेकांवर भार टाकतात. आवाज बिघडतो आणि उपकरणालाही इजा होऊ शकते.