आजीचा परिचय

प्रमुख पाहुण्यांचा परिचय म्हणजे आधी शिक्षण, मग पद, मग पुरस्कार. या कथेतल्या बी.ए.च्या मुलीची अडचण इथेच आहे. 8 मार्चच्या कार्यक्रमाला तिच्या कॉलेजने तिच्याच आजीला बोलावलंय. आजी मराठवाड्यातल्या एका खेड्यात सुईण होती आणि शाळेत कधी गेली नाही. आदल्या रात्री मुलगी लिहिते, 'शेकडो बाळंतपणं केली, एकही बाई दगावली नाही.' आजीला वाचून दाखवते.

"खोटं कशाला लिव्हतीस? एक गेली व्हती माझ्या हातात."

मुलगी कागद फाडते आणि दोघी पहाटेपर्यंत बोलत बसतात. कथेचा मोठा भाग या बोलण्याचाच आहे, आणि तो माहीत असल्याशिवाय दुसऱ्या दिवशीचा परिचय कळत नाही.

आजीनं हे काम सासूच्या हाताखाली शिकलं. पोटावर तळवा ठेवून बाळाचं डोकं कुठं आहे ते ओळखायचं. मूल आडवं लागलं तर हात लावायचा नाही, बैलगाडी जुंपायला सांगायची. सासू नाळ कापायची ती घरच्या विळ्यानं. मग काही बाळं तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दूध ओढेनाशी व्हायची, जबडा घट्ट मिटायचा, अंग ताठ व्हायचं. घरचे बाहेरचं काहीतरी झालं असं धरायचे. तो धनुर्वात होता आणि नाळेच्या जखमेतून शिरायचा. ऐंशीच्या दशकात प्राथमिक आरोग्य केंद्रात दाईंचं प्रशिक्षण झालं तेव्हा आजीला ते पहिल्यांदा कळलं. नखं कापायची, साबणानं हात धुवायचे, खाली स्वच्छ कापड घालायचं, नाळ नव्या ब्लेडनं कापायची, उकळलेल्या दोऱ्यानं बांधायची आणि वर शेण, राख, हळद काही लावायचं नाही. पुढे गरोदर बायांना धनुर्वाताची लसही मिळू लागली. सासूच्या हातची किती बाळं त्या विळ्यानं गेली असतील, हे आजी त्या रात्री नातीला सांगते, आणि सासूला दोष देत नाही.

मग ती गेलेल्या बाईचं सांगते. पावसाळ्याची रात्र, ओढ्याला पूर. मूल सुखरूप झालं, रडलं. वार मात्र पडेना. वार सुटायला लागली की नाळ थोडी लांब होते, रक्ताची एक चिळकांडी येते आणि पोटात पिशवी चेंडूसारखी घट्ट लागते. तोवर नाळ ओढायची नाही, कारण ओढली तर वार तुटून अर्धी आत राहते, नाहीतर पिशवीच उलटते. घरातल्या म्हाताऱ्या 'ओढ, ओढ' म्हणत होत्या. आजीनं ओढली नाही. बाळाला छातीशी लावलं, कारण बाळ चोखू लागलं की पिशवी आवळते. अर्धा तास गेला. खालचं लुगडं भिजलं, दुसरं घातलं, तेही भिजलं. पिशवी हाताला मऊच लागत होती. अशा वेळी पिशवी आवळणारं इंजेक्शन आणि शिरेतून पाणी लागतं. आजीजवळ दोन हात होते. पोट चोळत ती बसून राहिली. ओढा उतरला तेव्हा उजाडलं होतं.

आजीनं चूक केली नव्हती. मला ही कथा मोलाची वाटते ती यामुळेच. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, आणि आज महाराष्ट्रात शंभरातली सुमारे 95 तिथंच होतात. त्यात आजीचं काम संपलं. आपल्याला काढून टाकलं असं तिला वाटतं का, असं नात विचारते. आजी म्हणते, "त्या राती गाडी आली असती तर मीच आधी चढवलं असतं तिला."

कथेत आणखी एक गोष्ट आहे, जी अशा परिचयात सहसा गाळली जाते. आजी मातंग समाजाची. बाळंतपणाचा विटाळ धरला जाई, म्हणून अनेक गावांत हे काम तिच्यासारख्यांच्याच वाट्याला येई. जिच्या हातात घरातलं मूल जन्मायचं तिलाच पुढे ओसरीच्या खाली बसवून वरून पाणी वाढायचे. मेहनताना म्हणजे पायलीभर ज्वारी, कधी जुनं लुगडं.

दुसऱ्या दिवशी नात माईकसमोर विळ्याचं सांगते, ब्लेडचं सांगते, ओसरीचं सांगते. शेवटी पुराच्या रात्रीचं. कागदावर तिनं 'एक बाई' एवढंच लिहिलंय. टाळ्या होतात, शाल-नारळ होतो. आजीला दोन शब्द बोलायला सांगतात. ती माईकजवळ येते, पदर सारखा करते आणि सगळ्यात आधी त्या बाईचं नाव सांगते.