मिरची किती घ्यायची? आधी मसाल्याचा हिशेब मांडा

मैत्रिणींनो, उत्तन-डोंगरीकडे एप्रिल-मे म्हणजे मसाल्याचे दिवस. मिरची उन्हात वाळते, डंकावर कुटली जाते. जून लागला की ऊन गेलं. मग मिरची कमी पडली तर काय करणार? म्हणून हिशेब मे महिन्याआधीच मांडायचा. समजण्यासाठी एका गटाचे आकडे धरू. पाकीट अर्ध्या किलोचं.

पहिली पायरी विक्रीचा अंदाज. गेल्या मे महिन्याची वही बघा, पक्क्या ऑर्डरी मिळवा. समजा, १२० पाकिटं जातील.

दुसरी पायरी, बनवायची किती? १२० म्हणाल तर चुकाल. जून-जुलैत मसाला कुटता येणार नाही, पण गिऱ्हाईक येणारच. त्या दोन महिन्यांसाठी ३१ मे रोजी ८० पाकिटं शिल्लक हवीत. १ मे रोजी हातात २० आहेत. दुकानात ठेवलेली पण न विकलेली पाकिटंही या २० मध्येच मोजा.

विक्री १२० + शेवटी हवीत ८० − आधीची २० = १८० पाकिटं, म्हणजे ९० किलो मसाला.

तिसरी पायरी खरेदी. इथे विक्रीचा आकडा विसरा, बनवायचा आकडा धरा. या गटाच्या मापाने एक किलो मसाल्याला ९०० ग्रॅम मिरची लागते, देठ आणि कुटताना होणारी घट धरून. तुमचं माप तुम्ही एकदा वजन करून ठरवा. ९० किलोला ८१ किलो मिरची लागेल. घरात ६ किलो आहे. पावसात मिरचीला बुरशी धरते, म्हणून शेवटी फक्त ३ किलो घट्ट डब्यात ठेवायची.

लागणारी ८१ + शेवटी ३ − आधीची ६ = ७८ किलो खरेदी.

विक्रीवरून मोजली असती तर १२० पाकिटांना ५४ किलोच मिरची आणली असती, आणि जूनमध्ये डबे रिकामे. धणे, हळद, पाकिटं यांचाही असाच वेगवेगळा हिशेब करा.

बेरीज बरोबर आहे का, ते उलटं तपासा: आधीची २० आणि बनवलेली १८० मिळून २००, त्यातून १२० विकली, उरली ८०. जुळलं!

पण अंदाज तो अंदाजच. सगळी मिरची एकदम घेऊ नका. आधी ५० किलो आणा, १५ मे रोजी विक्री मोजा. महिन्याला १०० च पाकिटं जातील असं दिसलं, तर २० पाकिटं कमी बनवा. त्यांची ९ किलो मिरची वाचली. उरलेल्या २८ ऐवजी १९ किलोच घ्या. नाहीतर गटाचा पैसा डब्यात अडकतो आणि मसाल्याचा रंगही उतरत जातो.

पुढच्या बैठकीला ताई, विक्रीची वही आणि शिल्लक मालाची मोजणी दोन्ही घेऊन या.