पाण्यात टाकलेला मध काय सांगतो?

मध विकणाऱ्यांच्या पोस्टमध्ये एक व्हिडिओ हमखास असतो. काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचं, वरून मधाची धार सोडायची. धार न फुटता तळाशी जाऊन बसली की मध अस्सल, विरघळली की भेसळ. सोबत वाक्य ठरलेलं: ‘बाजारातला मध असा बसणार नाही.’

हाच प्रयोग बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातून लिक्विड ग्लुकोज आणून करून पाहा. तेही सरळ तळाशी जाऊन बसतं. त्यात मधाचा थेंबही नसतो. म्हणजे हा प्रयोग फक्त घट्टपणा दाखवतो. टिपकागदावर मध पसरतो का, मधात बुडवलेली काडी पेटते का, या चाचण्यांचंही तेच. त्या पाण्याचं प्रमाण जेमतेम सांगतात, साखर फुलातली की कारखान्यातली हे सांगत नाहीत. घट्ट पाक या परीक्षेत पास होतो आणि जंगलातला खरा पण पातळ मध नापास होतो.

सह्याद्रीसारख्या दमट हवेतला सातेरी किंवा आग्या माशीचा मध बऱ्याचदा पातळ असतो. माशीनं मेणाचं झाकण घालण्याआधीच पोळं काढलं, तर त्यात पाणी आणखी जास्त राहतं. भारतीय नियमांनुसार मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. त्याहून जास्त असलं तर त्यातलं यीस्ट जागं होतं आणि मध आंबायला लागतो. ही गोष्ट मात्र घरी नक्की ओळखता येते. वर फेस येतो, झाकण उघडताना फस्स आवाज होतो, वास आंबूस येतो. असा मध भेसळीचाच असतो असं नाही, पण तो टिकणार नाही एवढं खरं.

मध बसला, म्हणजे तळाशी दाणे धरले, की ‘यात साखर घातलीय’ म्हणून बाटली परत येते. प्रत्यक्षात मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा असतात. ज्या फुलाच्या मधात ग्लुकोज जास्त, तो लवकर गोठतो. मोहरीचा मध काही आठवड्यांतच लोण्यासारखा होतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. पण दाणे धरणं हा शुद्धतेचा पुरावाही नाही, कारण काही पाकही गोठतात.

मग भेसळ पकडायची कशी? प्रयोगशाळेतसुद्धा हे सोपं नाही. ऊस आणि मका ही झाडं हवेतला कार्बन जरा वेगळ्या रीतीनं पकडतात. त्यामुळे त्यांच्या साखरेची खूण मधात ओळखता येते. तांदूळ मात्र याबाबतीत मधमाशा ज्या फुलांवर जातात त्यांतल्या बहुतेक झाडांसारखाच आहे. म्हणून तांदळाचा पाक त्या चाचणीतून निसटतो. २०२० साली ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’नं केलेल्या पाहणीत हेच समोर आलं: नेहमीच्या चाचण्यांत पास झालेले काही नमुने एनएमआर नावाच्या अधिक बारीक चाचणीत नापास झाले. प्रयोगशाळेला जे एवढं अवघड जातं, ते ग्लासभर पाण्याला कसं जमणार?

म्हणूनच प्रामाणिक विक्रेत्याची पोस्ट वेगळी दिसते. समजा, जांभळाचा मध विकायचा आहे. पोस्टमध्ये असं लिहिता येईल: ‘हा मध सातेरीच्या पेट्यांतला, मे महिन्यात काढलेला. जांभळाच्या फुलोऱ्यावरचा, म्हणून रंग गडद आणि चव किंचित तुरट. रिफ्रॅक्टोमीटरवर ओलावा १९.५ टक्के. या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडला आहे. त्यात एनएमआर चाचणी नाही. थंडीत दाणे धरू शकतो. एक वर्षाखालच्या बाळाला कुठलाच मध देऊ नका.’ यात दुसऱ्या विक्रेत्याचं नावही नाही आणि ‘बाकी सगळे भेसळ करतात’ हा टोमणाही नाही. त्याची गरजच उरत नाही, कारण शेजारच्या बाटलीत काय आहे हे या विक्रेत्याला ठाऊक नाही आणि स्वतःच्या बाटलीबद्दल जे ठाऊक आहे ते त्यानं सगळं सांगितलंय. अहवालात काय तपासलेलं नाही तेही तो लपवत नाही.

गिऱ्हाइकानं विचारायचे प्रश्नही मग सोपे होतात. कुठल्या फुलोऱ्याचा, कधी काढलेला, ओलावा किती? अहवालावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळतो का? चाचणीची तारीख या हंगामातली आहे का? मागच्या वर्षीचा अहवाल यंदाच्या बाटलीला लावला असेल, तर तो कागद कितीही खरा असला तरी या मधाबद्दल काहीच सांगत नाही.