अर्ध्या नफ्यावर सौदा का बंद करायचा?

ऑप्शन विकणाऱ्याचा नफा सौदा करतानाच ठरलेला असतो. मिळालेला प्रीमियम हीच त्याची कमाल कमाई, त्यापलीकडे एक रुपयाही नाही. तोट्याला मात्र अशी वेस नाही. असे असताना बरेच अनुभवी विक्रेते ही ठरलेली कमाईसुद्धा पूर्ण घेत नाहीत. १४० रुपयांना विकलेला ऑप्शन ७० रुपयांवर आला की तो परत विकत घेतात आणि सौदा मिटवून टाकतात. एक्स्पायरीला अजून महिना बाकी असला तरी. नवख्याला हे विचित्र वाटते. बाजार आपल्या बाजूने चालला आहे, थोडे थांबले तर उरलेले ७० रुपयेही मिळतील, मग उठायचे कशासाठी?

या नियमाचा प्रसार शिकागोतून झाला. शिकागोच्या ऑप्शन बाजारात फ्लोअरवर सौदे केलेले टॉम सॉस्नॉफ यांनी २०११ मध्ये ‘टेस्टीट्रेड’ हा इंटरनेटवरचा कार्यक्रम सुरू केला. एक्स्पायरीला साधारण ४५ दिवस असताना विकायचे आणि कमाल नफ्याचा अर्धा भाग हाती आला की बाहेर पडायचे, हे सूत्र तिथे जुन्या आकडेवारीवर पुन्हा पुन्हा तपासून दाखवले गेले. एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट दोन्ही विकले असतील, म्हणजे स्ट्रॅडल असेल, तर अर्ध्याचीही वाट न पाहता पाव नफ्यावर उठावे असेही ते सांगत. आज निफ्टीचे ऑप्शन विकणारे पुण्या-मुंबईतले अनेक जण हाच नियम पाळतात. त्यामागचे गणित मात्र थोडेच जण मांडून पाहतात.

ते एका उदाहरणावर पाहू. निफ्टी २५,००० वर आहे. ४५ दिवसांनी संपणारा २४,००० चा पुट तुम्ही १४० रुपयांना विकला. पुट म्हणजे घसरणीविरुद्धचा विमा. घेणाऱ्याने हप्ता भरला आणि तुम्ही विमा कंपनी झालात. आठ दिवसांत निफ्टी २५,२०० वर गेला आणि बाजारातली धास्ती किंचित ओसरली, म्हणजे ऑप्शनच्या किमतीत धरलेली अस्थिरता साडेपंधरा टक्क्यांवरून साडेचौदावर आली. ब्लॅक-शोल्सच्या सूत्रात हे आकडे घातले तर पुटची किंमत सत्तरच्या आसपास येते. निफ्टी जेमतेम पाऊण टक्का वर गेला आणि अर्धा नफा झाला.

आता हिशेब करा. पहिले ७० रुपये आठ दिवसांत मिळाले, म्हणजे दिवसाला जवळजवळ नऊ रुपये. उरलेले ७० मिळवायला आणखी ३७ दिवस थांबायचे आहे, म्हणजे दिवसाला दोन रुपयांच्याही आत. ब्रोकरकडे अडकलेले मार्जिन मात्र जवळपास तेवढेच राहते, कारण ते शिल्लक प्रीमियमपेक्षा निफ्टीच्या एकूण मूल्यावर जास्त अवलंबून असते. तेवढ्याच पैशाच्या अडकणुकीवर आता पाचव्या हिश्श्याने कमाई होणार. ती रक्कम मोकळी करून पुन्हा ४५ दिवसांचा, चांगल्या प्रीमियमचा पुट विकला तर तिचा उपयोग अधिक. नियमामागचे पहिले कारण हे.

दुसरे कारण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. सौदा न मिटवता बसून राहणे म्हणजे आज, या क्षणी, तोच पुट ७० रुपयांना नव्याने विकणे. आधीचे ७० रुपये कमावून झाले. पुढच्या निर्णयात त्यांना जागा नाही. समोर एवढाच प्रश्न उरतो की ३७ दिवसांसाठी, ७० रुपयांवर, २४,००० च्या खालची सगळी जोखीम मी घेईन का? निफ्टी आठवडाभरात २४,२०० वर उतरला आणि अस्थिरता एकोणीस टक्क्यांपर्यंत गेली, तर हाच पुट चारशेच्या आसपास जातो. म्हणजे ७० मिळवण्यासाठी सव्वातीनशे पणाला लागतात. विकताना हेच प्रमाण १४० ला अडीचशे होते. नफा अर्धा झाला, जोखीम तशीच राहिली, आणि तरीही आपण सुरक्षित झालो असे वाटत राहते. ही भावना फसवी आहे.

यावर एक नेहमीचा युक्तिवाद ऐकू येतो. एक्स्पायरी जवळ आली की वेळेची झीज, म्हणजे थीटा, वेगाने वाढते. मग शेवटचे दिवस सोडायचे कशाला? हे बाजारभावाजवळच्या स्ट्राइकला लागू आहे. दूरच्या स्ट्राइकचे तसे नाही. आपल्या उदाहरणात निफ्टी २५,००० वरच खिळून राहिला असता, तर १४० चे ७० व्हायला वीस दिवस लागले असते. पुढच्या पंधरा दिवसांत ७० चे १३ झाले असते आणि शेवटच्या दहा दिवसांत ते १३ गेले असते. म्हणजे दूरच्या ऑप्शनची झीज मधल्या काळात जोरात असते आणि शेवटी झिजायला काही उरतच नाही. नफा ज्याला लवकर मिळाला त्याचा पुट बाजारभावापासून आणखी लांब गेलेला असतो, म्हणून त्याची शेपटी सर्वांत लांब आणि सर्वांत बारीक. याच गणितातून हेही दिसते की बाजार जागच्या जागी राहून विसाव्या दिवशी अर्धा नफा झाला असेल, तर घाईचे कारण बरेच कमी होते. अर्धा नफा किती दिवसांत मिळाला हे त्या नफ्याइतकेच पाहायला हवे. नियम पाळणारे बहुतेक जण हे पाहत नाहीत.

शेवटच्या आठवड्याला आणखी एक धोका चिकटलेला असतो. निफ्टी नेमका स्ट्राइकजवळ आला तर पुटची किंमत दर पॉइंटला फार जलद बदलते. याला गॅमा म्हणतात. स्ट्राइकवर उभा असलेला बाजार धरला तर पाच दिवस उरले असताना हा गॅमा ४५ दिवसांच्या तिप्पट असतो. बाजार लांब असेल तर तो जवळजवळ शून्य असतो हेही खरे. पण आपला बाजार लांबच राहील हे आधी कोणाला ठाऊक असते? त्यात निर्देशांकाच्या विकलेल्या ऑप्शनवर एक्स्पायरीच्या दिवशी दोन टक्के जादा मार्जिन घेण्याचा सेबीचा नियम नोव्हेंबर २०२४ पासून लागू आहे.

नियमाची खरी परीक्षा पाहायची तर ४ जून २०२४ हा दिवस घ्यावा. शुक्रवारी ३१ मे रोजी निफ्टी २२,५३० वर बंद झाला होता आणि निवडणुकीच्या निकालाच्या धास्तीने अस्थिरता फुगलेली होती. त्या दिवशीची इंडिया व्हिक्सची पातळी सूत्रात घातली तर जून अखेरच्या २२,००० च्या पुटची किंमत सव्वातीनशेच्या पुढे येते. शनिवार-रविवारी एक्झिट पोल आले. सोमवारी, ३ जूनला, निफ्टी २३,२६३ वर गेला आणि व्हिक्स खाली आला. त्याच गणिताने पुट शंभराच्या आसपास उतरतो. अर्ध्या नफ्याची ऑर्डर ज्याने लावून ठेवली होती तो त्या दिवशी बाहेर पडला. मंगळवारी निकाल लागले, निफ्टी जवळजवळ सहा टक्के पडून २१,८८४ वर बंद झाला आणि गणिताने तोच पुट सहाशेच्या घरात पोचला.

पण गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धवट राहील. शुक्रवारी ७ जूनला निफ्टी पुन्हा २३,२९० वर होता आणि २७ जूनच्या एक्स्पायरीला तो २४,००० च्या वर बंद झाला. मंगळवारचा मार्जिन कॉल ज्याने सोसला आणि जो घाबरून पुट परत विकत घेऊन बसला नाही, त्याला पूर्ण प्रीमियम मिळाला. म्हणजे लवकर उठणाऱ्याला त्या महिन्यात त्याच सौद्यावर कमी पैसे मिळाले. त्याने काय वाचवले? मंगळवारची दुपार. कर्ज काढून किंवा सगळे भांडवल मार्जिनला लावून बसलेल्यांना त्या दुपारी निवडीची मुभा नव्हती. ब्रोकर त्यांच्या पोझिशन कापत होते. चढउतार कमी करणे हेच या नियमाचे काम आहे आणि ते तो चोख करतो.

नफा निर्माण करण्याचे काम मात्र तो करत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. ऑप्शनची किंमत अगदी योग्य असेल, तर कुठेही उठा, सरासरी कमाई शून्यच. खर्च वजा जाता उणेच. विक्रेत्याची मिळकत येते ती घेणारे भीतीपोटी थोडे जास्त पैसे मोजतात यातून. अर्ध्यावर उठल्याने तो जादा पैसा वाढत नाही. यशाचे प्रमाण वाढते हे खरे, कारण ७० ला एकदा स्पर्श होणे हे शून्यावर संपण्यापेक्षा सोपे. पण त्या आकड्याने भुलू नये. तोट्याची सीमा तुम्ही २८० ला, म्हणजे १४० रुपयांच्या तोट्यावर ठेवली असेल आणि नफा ७० वर घेत असाल, तर नुसते बरोबरीत राहण्यासाठी तीनपैकी दोन सौदे जिंकावे लागतात. पूर्ण प्रीमियमची वाट पाहणाऱ्याला त्याच सीमेवर दोनपैकी एक पुरतो.

खर्चाचेही तसेच. सॉस्नॉफ यांच्या गटाने २०१७ मध्ये स्वतःची ब्रोकरेज सुरू केली तेव्हा सौदा उघडायला एका काँट्रॅक्टला एक डॉलर आणि बंद करायला शून्य असा दर होता. लवकर बंद करण्याचा नियम त्या दरात उत्तम बसत होता, आणि सौदे जितके जास्त तितकी ब्रोकरची कमाई जास्त, हेही वाचकाने ध्यानात ठेवावे. आपल्याकडे प्रत्येक नव्या विक्रीवर एसटीटी लागतो, ब्रोकरेज दोन्ही वेळा जाते, आणि पुढच्या महिन्याच्या अनेक शेअर-ऑप्शनमध्ये घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावांत इतके अंतर असते की अर्ध्या नफ्याचा मोठा तुकडा त्यातच जातो. तिथे हा नियम वापरू नये. निफ्टीच्या मासिक ऑप्शनमध्ये तो वापरण्याजोगा आहे.

वापरायचा ठरवलात तर विक्री होताच अर्ध्या भावाची परत खरेदीची ऑर्डर लावून टाका. एक्स्चेंजवरची साधी ऑर्डर दिवसाअखेर रद्द होते, म्हणून ब्रोकरची जीटीटी सोय वापरा. आणि त्याच वेळी तोट्याचा भावही कागदावर लिहा. तो ठरवता येत नसेल तर तो पुट विकू नका.