शिफारसपत्र मागताना प्राध्यापकांना काय कळवावे?

वर्धा : उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज भरण्याचे दिवस आले की प्राध्यापकांच्या मोबाइलवर एक ठरलेला निरोप येऊन धडकतो, 'सर, शिफारसपत्र हवे आहे, अर्जंट.' एवढ्यावरून कोणत्याही प्राध्यापकाला उपयोगी पत्र लिहिता येणार नाही. साठ-सत्तरांच्या वर्गातील या विद्यार्थ्याने नेमके काय केले, हेच त्यांना आठवत नसते.

मुळात हवे ते शिफारसपत्रच का, हे आधी तपासावे. अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांना महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र पुरते आणि ते कार्यालयातून मिळते. शिफारसपत्राचा आग्रह मुख्यतः संशोधन संस्थांचा असतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीच्या अर्जाला शिक्षकाचे असे पत्र लागते.

पत्र कोणाकडे मागावे, यातही गफलत होते. विभागप्रमुखांच्या पदाचे वजन पडेल, या समजुतीने विद्यार्थी त्यांच्याकडे जातात. ज्यांनी प्रकल्प पाहिला, चुका दाखवल्या, त्या अधिव्याख्यात्याचे पत्र अधिक बोलते.

समजा, सेवाग्रामच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीला १५ तारखेपर्यंत अर्ज करायचा आहे. तिने १ तारखेच्या सुमारास पाठवायचा निरोप असा असावा :

'आदरणीय सर, मी तृतीय वर्ष संगणक शाखेची विद्यार्थिनी. गेल्या सत्रात डेटाबेसच्या प्रात्यक्षिकात आपण मला मार्गदर्शन केले होते. बाजार समितीतील कापसाच्या आवकेची नोंद ठेवणारा आमचा प्रकल्प आपण तपासला होता. त्यातील दुबार नोंदी रोखण्याचा भाग मी लिहिला होता. एका संशोधन संस्थेतील सॉफ्टवेअर इंटर्नशिपसाठी मी अर्ज करीत आहे. त्यासाठी आपण शिफारसपत्र द्याल का? अंतिम तारीख १५ आहे. गुणपत्रिका, बायोडेटा आणि प्रकल्पाचा अहवाल सोबत जोडला आहे. आपल्याला सवड नसल्यास तसे निःसंकोच कळवावे.'

यातील 'दुबार नोंदी'चे वाक्य सर्वांत मोलाचे. 'मेहनती, होतकरू' ही विशेषणे प्रत्येक पत्रात असतात. निवड करणाऱ्याला हवा असतो तो डोळ्यांदेखत घडलेला प्रसंग. नकाराची वाट मोकळी ठेवण्यालाही कारण आहे. भिडेखातर लिहिलेले मोघम पत्र निवड समितीला लगेच ओळखू येते आणि ते अर्जदाराचे नुकसानच करते.

कित्येकदा प्राध्यापक 'मसुदा तूच आण' म्हणतात. तेव्हा तयार पत्राऐवजी कामाचे चार-पाच मुद्दे द्यावेत. पाच विद्यार्थ्यांची पत्रे एकाच साच्यातली निघाली, तर संशय सगळ्यांवरच येतो.

खरी अडचण मात्र पुढेच उद्भवते. ऑनलाइन अर्जात बहुधा प्राध्यापकांचा ई-मेल पत्ता भरावा लागतो आणि पत्र चढविण्याची लिंक परस्पर त्यांच्याकडे जाते. पत्त्यात एक अक्षर चुकले किंवा लिंक स्पॅममध्ये गेली, तर अर्ज अपुरा राहतो. म्हणून महाविद्यालयाचा पत्ता त्यांना विचारूनच भरावा, लिंक मिळाली का हे दुसऱ्या दिवशी पाहावे आणि मुदतीच्या तीन दिवस आधी एकदाच नम्र आठवण करावी.